नणंदेची ओढणी, माझी लिपस्टिक

साखरपुडा सिंहगड रोडला होता आणि मी कोथरूडहून स्कूटरवर निघाले होते. धूळ टाळायची म्हणून नेहमीसारखी ओढणी तोंडाला घट्ट बांधली. तोंडावर लिपस्टिक आहे, ती ताजी आहे आणि ओढणी नणंदेकडून मागून आणलेली आहे, हे तिन्ही मुद्दे हॉलवर पोचून ओढणी सोडल्यावर एकदम आठवले. पांढरी मलमल, निळे काठ, आणि मधोमध रुपयाएवढा मरून डाग.

मग मी जे केलं ते करू नका. बेसिनवर पाणी आणि हँडवॉश घेऊन खसाखसा चोळलं. रुपयाचा पापड झाला, फिकट पण ऐसपैस.

घरी आल्यावर सासूबाईंनी ओढणी हातात घेतली. "पाणी लावलंस ना? मग आधी वाळू दे. ओल्या कापडात तेल शिरत नाही." लिपस्टिक म्हणजे मेण आणि तेल, त्यात कालवलेला रंग. पाणी मेणावरून नुसतं घसरतं आणि चोळण्याने ते मेण आणखी पसरतं. तेल मात्र मेणाला सैल करतं. पण सुती धाग्याने आधीच पाणी पिऊन ठेवलेलं असेल तर तेलाला जागा कुठली? ओढणी पंख्याखाली वाळवली. उन्हात नाही, इस्त्री तर अजिबात नाही. गरम झालं की मेण वितळून धाग्यात आणखी खोल जातं.

जानेवारी असल्यामुळे खोबरेल बाटलीत गोठलेलं होतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ केलं. साधं, पांढरं खोबरेल; केसांचं रंगीत सुगंधी तेल किंवा मोहरीचं घेतलं तर त्याचाच डाग पडायचा. बेबी ऑइलही चालतं.

जुन्या पांढऱ्या पंचाची चौपदरी घडी घातली आणि त्यावर ओढणी डाग खाली येईल अशी पालथी पसरली. इअरबडने मागच्या बाजूने तेल लावलं, पाच-सहा थेंब, कडेकडून मध्याकडे. मध्यातून सुरू केलं तर डाग बाहेर सरकतो. पंधरा मिनिटं थांबले आणि दुसऱ्या फडक्याने वरून नुसतं दाबलं. पंचा उचलून पाहिला तर त्यावर मरून ठसा! इतका आनंद मला साखरपुड्यातही झाला नव्हता. पंचाची कोरी बाजू घेतली, पुन्हा तेल, पुन्हा दाब. दुसरा ठसा गुलाबी आला, तिसरा जेमतेम. चौथ्या वेळी पंचाला नुसतं तेल लागलं, रंग नाही. तिथे तेलाचं काम संपलं. त्याच्या आधी धुवायला घेतलं असतं तर सुटलेलं मेण पुन्हा कापडभर फिरलं असतं.

आता डागाच्या जागी तेलाचा डाग होता. त्यावर भांड्यांचं लिक्विड थेट लावलं, पाण्याशिवाय, आणि बोटाने हलकेच जिरवलं. दहा मिनिटांनी कोमट पाण्याखाली धरल्यावर पांढरट, दुधासारखं पाणी निघालं, म्हणजे तेल सुटत होतं. वाळल्यावर ओढणी खिडकीसमोर धरली. तेल राहिलं असेल तर तेवढा भाग काचेसारखा पारदर्शक दिसतो. माझ्या ओढणीत एक कोपरा तसा दिसला, म्हणून लिक्विडची आणखी एक फेरी झाली.

एवढं करूनही फिकट गुलाबी सावली उरली. ती मेणाची नव्हे, रंगाची, आणि तिथे तेलाचा उपयोग नाही. ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर पाकिटावर लिहिलेल्या मापाने पाण्यात घालून त्यात भिजवायचं ठरलं. त्याआधी निळ्या काठाचं टोक त्याच पाण्याने ओलं करून पांढऱ्या कपड्यात पाच मिनिटं दाबून ठेवलं. निळं उतरलं नाही, मग ओढणी तासभर भिजवली. क्लोरीनचं ब्लीच घेतलं असतं तर काठ गेलेच असते.

पुढच्या आठवड्यात नवऱ्याच्या शर्टाच्या कॉलरवर हाच प्रयोग केला (लिपस्टिक माझीच, आधीच सांगते). कॉलरच्या आत कॅनव्हास असतो, तो तेल धरून ठेवतो, म्हणून तिथे दोन-तीन थेंबांवर भागवलं आणि कॉलर उलगडून दोन्ही बाजूंनी लिक्विड लावलं. बराच वेळ टिकणाऱ्या मॅट लिपस्टिकवर मात्र तेल फार हळू चालतं. अर्धा तास ठेवूनही ठसा कमीच उतरतो, फेऱ्या वाढतात.

ओढणी परत दिली तेव्हा नणंदेने उलटीपालटी करून पाहिली. "वहिनी, इस्त्री कशाला केलीत उगाच?" म्हणाली, आणि लिपस्टिक लावलेल्या तोंडावर तीच ओढणी बांधून गाडीला किक मारली.