दोन नडग्या, दोन दुखणी

तीन आठवड्यांत शून्यावरून रोज पाच किलोमीटर. वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी हा पराक्रम केला, तोही सोसायटीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर आणि दोन वर्षं जुन्या बुटांत. चौथ्या आठवड्यात दोन्ही नडग्या आतल्या बाजूनं दुखायला लागल्या. घोट्याच्या वर चार बोटांपासून सुरू होऊन पोटरीच्या मध्यापर्यंत हाडाची कड ठणकायची. पळायला लागलं की पहिली दहा मिनिटं कळ यायची, मग अंग तापलं की कमी व्हायची. म्हणून मला वाटलं, होईल सवय.

आई रात्री तेल लावून चोळून द्यायची. डावीला बरं वाटायचं. उजवीवर मात्र एका जागी तिचा अंगठा पडला की मी किंचाळायचे. "अगं, एवढं काय झालंय?" म्हणून ती हात काढून घ्यायची. निदान खरं तर तिथेच झालं होतं, आम्हा दोघींना ते कळलं नाही एवढंच.

दोन आठवडे मी पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेत राहिले. यातली ही सगळ्यात मोठी चूक. गोळीनं दुखणं झाकलं आणि हाडावरचा भार तसाच राहिला. मग उजवा पाय पळताना तापून बरा होईना, उलट प्रत्येक पावलागणिक वाढायला लागला. पुढे जिना उतरताना दुखू लागला, आणि एका रात्री नुसतं झोपलेली असतानाही. तेव्हा ऑर्थोपेडिककडे गेले.

डॉक्टरांनी आधी काहीच विचारलं नाही. अंगठ्यानं डाव्या नडगीची आतली कड खालून वर दाबत गेले. जवळजवळ वीतभर, सगळीकडे सारखंच हुळहुळत होतं. मग उजवी. तिथे वर-खाली थोडंसं, आणि मध्ये रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर जीव जाईल अशी कळ. ते म्हणाले, "डावीला शिन स्प्लिंट्स आहेत. उजवीला मला स्ट्रेस फ्रॅक्चरचा, म्हणजे सततच्या भारानं हाडाला बारीक चीर गेल्याचा, संशय आहे. उजव्यावर भार देऊन पळणं आजपासून बंद."

मी म्हटलं, एक्स-रे काढू या. काढला, तर स्वच्छ! मी खूश झाले, ते झाले नाहीत. अशा बारीक चिरेचं सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेवर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, हाड भरून यायला लागलं की मग खूण उमटते, असं त्यांनी सांगितलं. एमआरआय केला. हाडाच्या आत सूज आणि कडेला एक बारीक रेघ निघाली.

हाड सतत झिजतं आणि सतत भरतं, हे मला तेव्हा नीट समजलं. पळणं अचानक वाढलं की जुनं हाड काढलं जाण्याचं काम जोरात होतं, नवं भरण्याचं मागे पडतं. शिन स्प्लिंट्समध्ये हाडाची कड आणि तिच्यावरचं आवरण चिडलेलं असतं, म्हणून दुखणं लांबवर पसरतं. भार तसाच चालू राहिला तर एखादी जागा हार मानते आणि तिथे चीर जाते. म्हणजे माझे दोन पाय एकाच रस्त्यावरचे दोन थांबे होते.

पुढचे प्रश्न मला अपेक्षित नव्हते. पाळी नियमित आहे का? रात्री जेवता का? वजन किती उतरलं? मी रात्रीचं जेवण सोडलं होतं आणि दोन महिने पाळी पुढे ढकलली जात होती. ड जीवनसत्त्वही कमी निघालं. खाणं कमी आणि पळणं जास्त असेल तर हाडाला भरून यायला माल कुठून मिळणार?

उपचार तसा कंटाळवाणाच. आठ आठवडे पळणं बंद, सुरुवातीचे तीन आठवडे उजव्याला वॉकिंग बूट, म्हणजे पाय आणि नडगीला आधार देणारा कडक बूट, आणि दुखेल तिथे थांबायचं. डाव्यासाठी खरं तर दुखण्याच्या बेतानं पळणं कमी करून भागलं असतं, पण एका पायानं कोण पळतं? पोटरीचे व्यायाम, पोहणं, पोटभर जेवण आणि गोळ्यांत फक्त ड जीवनसत्त्व. डॉक्टर म्हणाले, चीर नडगीच्या पुढच्या धारेवर असती तर प्रकरण याहून अवघड होतं. ती जागा भरायला फार वेळ घेते आणि कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. माझी आतल्या कडेला होती, हे नशीब.

आठव्या आठवड्यात नाण्याएवढ्या जागेवर दाबून दुखलं नाही, आठवडाभर भरभर चालूनही नाही. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, दिवसाआड. आता तिसऱ्या महिन्यात सलग तीन किलोमीटर होतात. डावी नडगी अजून अधूनमधून वीतभर कुरकुरते, तेव्हा त्या आठवड्यात अंतर वाढवत नाही. उजवी मी रोज आंघोळीत अंगठ्यानं तपासते.