कपाळावरची नवी पिढी

बाळंतपणानंतर केस गळतात हे सगळ्याजणी सांगतात. ते परत उगवताना काय दिसतं, हे मात्र कुणी सांगत नाही. लेक सात महिन्यांची झाली तेव्हा माझ्या कपाळाच्या कडेने दोन इंचांच्या केसांची रांग ताठ उभी होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मायलेकींचं जावळ एकदमच आलंय की!"

कारण साधं आहे. गरोदरपणात एरवी गळले असते ते केस टिकून राहतात. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी ते एकदम गळतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणून सगळे नवे केस जवळपास एकाच मापाचे असतात. दोन इंचांच्या केसाला खाली पडण्याइतकं वजन नसतं आणि मागे बांधण्याइतकी लांबीही नसते. त्यात ठाण्याची दमट हवा. सकाळी चापूनचोपून बसवलेले केस स्टेशन येईपर्यंत पुन्हा उभे. घट्ट पोनी घालून ते दाबायचा मोह होतो, पण कानशिलांवर, जिथे केस आधीच विरळ झालेत, तिथेच ताण बसतो.

शेवटी कपाळावर उतरणारी फ्रिंज कापून घ्यायला नौपाड्यातल्या आमच्या पार्लरवाल्या ताईंकडे गेले. त्यांनी आधी केस ओले न करता नुसते विंचरून पाहिले. ओला केस ताणला जातो आणि वाळला की वर चढतो, त्यामुळे फ्रिंज त्या कोरड्यावरच कापतात. शेपटीच्या कंगव्याने त्यांनी नवे केस वेगळे काढून कपाळावर सोडून दिले. "यांना कात्री लावायची नाही. आत्ता सारखे केले तर सहा महिन्यांनी पुन्हा इथेच."

मग मधल्या भांगावर, कपाळाच्या कडेपासून दोन बोटं मागे, त्यांनी एक त्रिकोण आखला. त्याची खालची टोकं भुवयांच्या कमानीवर थांबली. एरवी हा त्रिकोण भुवईच्या बाहेरच्या टोकापर्यंत नेतात आणि तीन बोटं खोल घेतात. माझ्या बाबतीत तसं केलं असतं तर कानशिलावर उरलेले लांब केसही फ्रिंजमध्ये आले असते आणि बाजूने टाळू दिसली असती. भरगच्च फ्रिंज हवी म्हणून हट्ट करणाऱ्या बऱ्याचजणी इथेच फसतात. पुढचा पडदा छान होतो, पण वारा आला की दोन्ही बाजू उघड्या.

सगळ्यात आखूड बट नाकाच्या मध्यापर्यंत, तिथून उतरती होत गालाच्या हाडाच्या खाली. कात्री आडवी न चालवता टोकांत उभी धरून टोचत कापलं, म्हणजे सरळ रेघ उमटत नाही. पुढची पहिली लेयर हनुवटीशी, बाकीच्या खांद्याकडे उतरणाऱ्या. डोक्याच्या वरच्या भागात एकही लेयर नाही, नाहीतर विरळ केसांची टोकं शेपटासारखी लोंबतात. विरळ करायची दातेरी कात्री मी मागितली असती तरी त्यांनी हातात घेतली नसती. तिने कापलेले आखूड तुकडे नव्या केसांबरोबरच उभे राहतात, मग उगवलेला कुठला आणि कापलेला कुठला, कळत नाही.

आता नवे केस भुवईच्या जरा वर, त्यांच्यावर फ्रिंज, तिच्या पुढे हनुवटीची लेयर. आखूड केस लपलेले नाहीत, पण त्यांना वर-खाली सोबत मिळाल्यामुळे मुद्दाम कापल्यासारखे दिसतात.

घरचं काम न्हाल्याबरोबर करायचं. फ्रिंज सगळ्यात आधी वाळते आणि जशी वाळते तशीच बसते, म्हणून लेक रडत असली तरी ती दोन मिनिटं माझी. ड्रायरचं तोंड वरून खाली धरायचं, कंगव्याने केस कपाळाला चिकटवून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे न्यायचे, शेवटी थंड हवा. गोल ब्रश नको, त्याने कपाळावर चेंडू होतो. उरलेल्या उभ्या केसांना मुगाच्या दाण्याएवढं जेल, जुन्या मऊ टूथब्रशने. खोबरेल मागच्या केसांना खुशाल लावावं. फ्रिंजला लावलं की बटांच्या दोऱ्या होतात आणि कपाळावर पुटकुळ्या.

पावसाळ्यात यातलं निम्मंच टिकतं. त्या दिवसांत फ्रिंज दोन्ही बाजूंना पिळून छोटी क्लिप लावते, ती लेक काढते.

वर्ष उलटूनही मूठभर केस जात असतील, भांग रुंद होत असेल किंवा कुठे गोल चकती दिसली, तर पार्लरचं काम नाही. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. थायरॉइड आणि लोह तपासायला सांगतात. माझ्या बाबतीत तसं नाही. लेकीच्या वाढदिवसापर्यंत हे केस फ्रिंजच्या लांबीला टेकतील. तोवर ताई दर दीड महिन्याने फक्त फ्रिंजची टोकं टिपतात आणि पूर्ण कटचे पैसे घेत नाहीत. सासूबाईंनी परवा विचारून ठेवलंय, साठीनंतर शोभेल का म्हणून.