फुटका ओव्हन, तीन ईमेल आणि एक रजिस्टर पत्र

‘तुम्ही सही केली आहे.’ फ्रान्समधल्या लियाँमध्ये राहायला आल्यापासून या एका वाक्याचं फ्रेंच मला जितकं पाठ झालंय तितकं दुसरं काहीच नाही. एका ऑनलाइन दुकानाच्या कस्टमर सर्व्हिसने तीन ईमेलमध्ये तीनदा तेच लिहिलं.

नानकटाईसाठी छोटा ओव्हन मागवला होता, ११९ युरोंचा. कुरिअरवाला घाईत होता. खोक्याचा एक कोपरा चेपलेला दिसत होता, पण त्याने यंत्र पुढे केलं, मी बोटाने रेघोटी ओढली आणि तो जिना उतरून गेलासुद्धा. संध्याकाळी खोका उघडला तर दाराच्या काचेचा चुरा तळाशी. रात्रीच फोटो काढून ईमेल केला. तेवढं बरं केलं, कारण पुढे ती तारीखच कामाला आली.

खोका मात्र दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकणार होते. नवऱ्याने अडवलं. तुम्हीही टाकू नका, खोका, आतला थर्माकोल, पत्ता लिहिलेलं लेबल, सगळं ठेवा आणि सगळ्याचे फोटो काढा.

उत्तर आलं ते असं: पार्सल घेताना तुम्ही काही हरकत नोंदवली नाही, तीन दिवसांत वाहतूक कंपनीला रजिस्टर पत्र पाठवलं नाही, त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही. खाली चक्क कलम दिलेलं, व्यापार संहितेचं L133-3. कलम बघून मी गारच पडले. दोनदा विनवण्या केल्या, दोनदा तेच छापील उत्तर आलं. या लिहालिहीत १४ दिवस उलटले. ऑनलाइन घेतलेली वस्तू कारण न देता परत करायची मुदत इथे तेवढीच असते. फुटलेल्या वस्तूवरून परत करताना वाद झालाच असता, पण ती एक वाट होती आणि ती मी घालवली. याचा राग अजून आहे, त्यांच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त.

मग रीतसर पत्र लिहायला बसले. फ्रेंच बरं येतं मला, पण पत्र निघालं शाळेतल्या विनंती अर्जासारखं: आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व, मी आपली नियमित ग्राहक आहे, कृपया सहानुभूतीने विचार व्हावा. पानभर. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंना भाषा तपासायला दिलं. आयुष्यभर त्यांनी एका ऑफिसात पत्रव्यवहारच सांभाळलेला. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि विचारलं, “मादाम, ओव्हन तुम्ही फोडलात का?”

“नाही.”

“मग माफी कशाची मागताय?” आणि निम्म्या ओळींवर काट मारली.

दुसरा प्रश्न त्यांनी त्या कलमाबद्दल केला: “हे वाचलंत का तुम्ही?” नव्हतं वाचलं. फ्रान्सचे सगळे कायदे legifrance.gouv.fr वर फुकट वाचता येतात. आम्ही दोघींनी L133-3 उघडलं. त्यात तीन दिवसांची अट आहे, खरंच आहे. पण ती वाहतूकदारावर दावा करण्यासाठी. आणि मी वाहतूकदाराकडे काही मागतच नव्हते! त्याला मी निवडलं नव्हतं, पैसे दिले नव्हते. माझा सौदा दुकानाशी.

ग्राहक म्हणून माझं कलम वेगळं, ग्राहक संहितेतलं L216-2. वस्तू माझ्या हातात पडेपर्यंत ती हरवली किंवा फुटली तर जोखीम विक्रेत्याची, असं ते सांगतं. (कुरिअर तुम्ही स्वतः बाहेरून ठरवला असेल तर हे लागू होत नाही.) राहिली सही. सहीने पार्सल मिळालं एवढंच दिसतं, आतली काच शाबूत होती हे नाही. त्यावर L217-7 आहे: नव्या वस्तूत २४ महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो देतानाच होता असं धरलं जातं, तसं नव्हतं हे दाखवायचं काम विक्रेत्याचं. म्हणजे तीन आठवडे मी जे सिद्ध करायला धडपडत होते, ते सिद्ध करायचं माझ्याकडे नव्हतंच.

हे सगळं पत्रात चार वाक्यांत बसलं. ऑर्डर क्रमांक आणि तारीख, कधी मिळालं आणि काय फुटलं, कलमं, मागणी. मागणीचा शब्द महत्त्वाचा. नुसती तक्रार वेगळी आणि ‘मीज आँ दमर’, म्हणजे मुदत घालून केलेली रीतसर मागणी, वेगळी. आपल्याकडे वकिलाच्या नोटिशीला जे वजन तेच याला, फक्त वकील लागत नाही, स्वतः लिहिता येते. बाईंनी ठरवून दिलेल्या ओळी जशाच्या तशा देते:

```
Objet : Mise en demeure - commande n° ...

Je vous mets en demeure de remplacer
cet appareil, sans frais, sous quinze
jours à compter de la réception
de ce courrier.
```

म्हणजे, हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत हे यंत्र विनाखर्च बदलून द्या. त्याखाली एकच वाक्य, की तसं न झाल्यास मी ग्राहक मध्यस्थाकडे जाईन. ही पोकळ धमकी नाही. प्रत्येक विक्रेत्याला असा मध्यस्थ नेमावाच लागतो, त्याचं नाव विक्रीच्या अटींमध्ये सापडतं आणि ग्राहकाला तो फुकट असतो. पण आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर तो प्रकरण हातात घेत नाही, आणि लेखी तक्रारीपासून वर्षाच्या आत जावं लागतं.

शेवटी मात्र ‘आपण माझ्या विशेष आदरपूर्ण अभिवादनाचा स्वीकार करावा’ अशा अर्थाचं लांबलचक वाक्य लिहावंच लागलं. ज्यांच्यावर दात ओठ खात होते त्यांना आदरपूर्ण अभिवादन! मी ते गाळायला निघाले होते. बाई म्हणाल्या, “ते राहू द्या. त्याच्याशिवाय पत्र रागाचं वाटतं, आणि रागाच्या पत्राला ते घाबरत नाहीत.”

पत्ता कस्टमर सर्व्हिसचा घालू नका. साइटच्या अगदी तळाशी Mentions légales असं बारीक अक्षरात असतं, तिथे कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय मिळतं. तिथे पोचपावतीसह रजिस्टर पत्र पाठवायचं, आपल्या जुन्या आरपीएडीसारखं. पावती, फोटो, जुने ईमेल, सगळ्याच्या प्रती जोडायच्या; मूळ कागद आपल्याजवळ.

सही झालेली पोचपावती परत आली आणि त्यानंतर नवव्या दिवशी ईमेल. सूर एकदम मऊ. ओव्हन बदलून देत आहोत, ‘अपवाद म्हणून, सदिच्छेपोटी’. कलमाचं नाव नाही, तीन दिवसांचंही नाही. मी ते ईमेल खाली नेऊन दाखवलं. बाई एवढंच म्हणाल्या, “सदिच्छा तर सदिच्छा, ओव्हन घ्या.”

नवं पार्सल आलं तेव्हा कुरिअरवाल्याला दारात थांबवून खोका उघडला. तो उसासे टाकत होता. ‘उघडून पाहण्याच्या अटीवर’ असं लिहून सही करा म्हणाला. त्या शेऱ्याला काही किंमत नाही हे तोवर मला कळलं होतं. नुकसान असेल तर कुठला कोपरा चेपलाय, काय फुटलंय, हे लिहावं लागतं. या वेळी काच शाबूत होती. मी काही न लिहिता सही केली.