अ‍ॅरिझोनातलं पावणेतीन मिनिटांचं गाणं

इथे अमेरिकेतल्या शाळकरी पोरांच्या गॅरेज बँडला पहिलं गाणं कुठलं बसवायचं असं विचारलं, तर 'द मिडल' हे नाव हमखास येतं. फिनिक्सला लागून असलेल्या मेसा शहरातल्या 'जिमी ईट वर्ल्ड' या बँडचं हे 2001 सालचं गाणं. 1999 चा अल्बम फारसा चालला नाही आणि कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीशी संबंध तुटले, तेव्हा पुढचा अल्बम त्यांनी पदरमोड करून रेकॉर्ड केला. त्यातलंच हे गाणं 2002 मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं.

गायक जिम अ‍ॅडकिन्सने सांगितलंय की गाण्याचं मूळ एका चाहतीच्या ईमेलमध्ये आहे. शाळेतल्या पंक कंपूत आपल्याला कोणी सामावून घेत नाही, अशी तिची तक्रार होती. गाण्यात ना तिचं नाव आहे, ना शाळेचं. कोणीतरी समोर बसून तिची समजूत घालतंय, एवढंच. त्यामुळे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटतं. (न्यू जर्सीतल्या 'माय केमिकल रोमान्स' या बँडने 2004 मध्ये उलट केलं: 'मी ठीक नाही' हे सरळ 'मी' म्हणूनच ओरडून सांगितलं. तेही चाललं, कारण तेच वाक्य हजारोंना एका सुरात ओरडता येतं.)

पण नुसत्या शब्दांनी हे होत नाही. गाणं मुख्यतः डी, ए आणि जी या तीन कॉर्ड्सवर उभं आहे. कडव्यात उजव्या तळहाताची कड गिटारच्या ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे खालच्या टोकाला टेकतात तिथे, तारांवर टेकवून वाजवायचं, म्हणजे आवाज दबका, खटखटीत येतो. ध्रुवपद आलं की हात उचलायचा आणि तारा मोकळ्या सोडायच्या. कॉर्ड्स त्याच, पण कोंडलेलं बाहेर पडल्यासारखं वाटतं, आणि गर्दी नेमकी तिथे तोंड उघडते.

नवी पोरं इथेच फसतात. अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे आवाज भरड करणारं बटण, पूर्ण वर ठेवला की दबका आणि मोकळा आवाज सारखाच भरड येतो, मग ध्रुवपद आलं कधी ते कळतच नाही. गेन निम्म्याच्या आसपास ठेवा. दबका वाजवताना प्रत्येक ठोका सुटा ऐकू आला पाहिजे. वेग मिनिटाला साधारण 160 ठोके आणि दर ठोक्याला दोनदा तारा छेडायच्या, म्हणजे हात सेकंदाला पाचाहून जास्त वेळा फिरतो. मनगट आखडलं की दुसऱ्या कडव्यापर्यंत गिटार ड्रमच्या मागे पडते. म्हणून सुरुवात 120 ला करावी आणि हात दुखत नाही तोवरच पाच-पाचने वाढवावं. गायकाला वरचे सूर झेपत नसतील तर सगळ्यांनी गिटार अर्धा सूर उतरवून घ्यावी. ताणून गायलं तर दिलासा देणारं गाणं दरडावल्यासारखं ऐकू येतं.