यूपीआयचे पैसे कापले गेले, पोहोचले नाहीत: स्टेटमेंटमध्ये ते कसे शोधले

यूपीआय अडकलं की बँकेत विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो, "नंबर सांगा." आणि तिथेच निम्मी माणसं चुकीचा नंबर सांगतात. ॲपच्या पावतीवर दोन-तीन नंबर असतात. त्यातला अक्षरं आणि आकडे मिसळलेला लांबलचक नंबर हा ॲपचा स्वतःचा, आणि ऑर्डर आयडी असेल तर तो दुकानदाराच्या बाजूचा. बँकेच्या कामाचा नंबर फक्त 12 आकड्यांचा असतो. कुठे त्याला यूटीआर म्हणतात, कुठे यूपीआय रेफरन्स नंबर, तर बँकेचे लोक आरआरएन म्हणतात. पैसे कापणारी बँक, मधली यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय आणि पैसे घेणारी बँक, तिघांकडे हाच नंबर असतो. त्यामुळे बाकीचे नंबर बाजूला ठेवून आधी हा एक वहीत उतरवून घ्यावा.

माझं प्रकरण नागपूरच्या इतवारीतल्या एका किराणा ठोक दुकानातलं. 18 जुलै 2025, शुक्रवार संध्याकाळ, रक्कम 2,340 रुपये. पिन टाकल्यावर ॲपवर बराच वेळ 'प्रक्रियेत', मग 'अयशस्वी'. बँकेचा पैसे कापल्याचा मेसेज मात्र आला. दुकानदार म्हणाला, "पैसे नाही आले भाऊ, स्पीकर बोललाच नाही ना." रोख देऊन माल उचलला, पण बिलावर त्याच्याकडून 'यूपीआय जमा नाही, रोख मिळाले' असं लिहून शिक्का घेतला आणि खाली 12 आकडी नंबर टाकला. हा कागद का लागतो ते पुढे येईलच.

या नंबराचे पहिले चार आकडे बघण्यासारखे असतात. पहिला आकडा बहुधा वर्षाचा शेवटचा अंक, आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. 18 जुलै हा 2025 चा 199 वा दिवस, म्हणून माझा नंबर 5199 ने सुरू होत होता. एकाच दुकानात एकाच रकमेचे दोन-तीन व्यवहार असतील, किंवा रात्री बारा वाजता केलेला व्यवहार स्टेटमेंटमध्ये दुसऱ्या दिवशी दिसत असेल, तेव्हा या चार आकड्यांवरून लगेच उलगडा होतो.

आता मुदतीचं. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात अडकलेल्या व्यवहारांच्या मुदती ठरवून दिल्या आहेत, आणि यूपीआयसाठी त्यात दोन वेगळ्या मुदती आहेत. एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे समोरच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटमध्ये पैसे कापले गेले पण दुकानात पुष्टी पोहोचली नाही, तर पाच दिवसांपर्यंत. दिवस कॅलेंडरचे मोजायचे. शनिवार-रविवार वगळून 'कामाचे पाच दिवस' असं काउंटरवर कोणी सांगितलं तर ते ऐकून घेऊ नये.

पण आपला व्यवहार या दोनपैकी कशात बसतो? समोर दुकान आहे म्हणजे पेमेंट दुकानदाराचंच, असं नसतं. इतवारीत आणि गोकुळपेठ बाजारात कितीतरी ठेल्यांवर माणसाच्या बचत खात्याचा क्यूआर चिकटवलेला असतो. क्यूआर साध्या स्कॅनरने वाचला, पेमेंट ॲपने नाही, तर आतला मजकूर साधारण असा दिसतो:

```
upi://pay?pa=...&pn=...&mc=5411
```

`mc` च्या पुढे चार आकडी कोड असेल (5411 हा किराण्याचा), तर ते व्यापारी खातं. `0000` असेल किंवा `mc` नसेलच, तर बहुधा वैयक्तिक. इथे कोड होता, म्हणजे पाच दिवस. 18 चा दिवस सोडून मोजले तर शेवटचा दिवस बुधवार, 23 जुलै.

मधल्या दिवसांत नुसती वाट न बघता स्टेटमेंट काढायचं. पासबुकावर अवलंबून राहू नये, कारण छापताना तपशिलाची ओळ बऱ्याचदा अर्धवट कापली जाते. मिनी स्टेटमेंटमध्येही पूर्ण नंबर सहसा नसतो. नेट बँकिंगमधून व्यवहाराच्या आदल्या दिवसापासून आजपर्यंतचं पूर्ण स्टेटमेंट काढावं. त्यात नंबर शोधताना दोन अडचणी हमखास येतात. पीडीएफमध्ये तपशिलाचा रकाना अरुंद असल्यामुळे 12 आकडे दोन ओळींत तुटतात, आणि पूर्ण नंबर टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही. म्हणून फक्त पहिले पाच-सहा किंवा शेवटचे चार आकडे टाकून शोधावं. एक्सेलमध्ये नंबर वेगळ्या रकान्यात एकटा असेल तर तो `5.2E+11` असा काहीतरी दिसतो. नंबर बिघडलेला नसतो, रकाना दशांश नसलेल्या संख्येचा केला की पूर्ण दिसतो.

पैसे परत आल्याची नोंद ओळखायची खूण अशी की रिव्हर्सल त्याच 12 आकडी नंबरावर येतं. प्रत्येक बँकेची लिहायची तऱ्हा वेगळी, पण 'REV' किंवा 'RET' असं काहीतरी असतं. माझ्या स्टेटमेंटमध्ये शेवटी दिसलं ते असं (मधले आकडे झाकले आहेत):

```
18/07/2025  UPI/DR/5199XXXX7342   2,340.00 Dr
25/07/2025  UPI/REV/5199XXXX7342  2,340.00 Cr
```

दुकानदाराने स्वतः परतावा दिला तर ती गोष्ट वेगळी. तो नवा व्यवहार असतो, त्याला बहुधा नवा नंबर लागतो आणि तपशिलात 'REFUND' असं लिहिलेलं असतं. म्हणून फक्त जुना नंबर शोधून 'आले नाहीत' असं ठरवू नये, रक्कम टाकूनही एकदा शोधावं. उलटही होतं: पैसे दहा मिनिटांत परत आलेले असतात, मेसेज फक्त कापल्याचा आलेला असतो, आणि माणूस बँकेत भांडायला उभा राहतो. जमा-नावे दोन्ही नोंदी एकाच तारखेला शेजारी-शेजारी पडलेल्या असतात.

काही पैसे मिनिटांत परत येतात आणि काहींना दिवस का लागतात, याचं कारण व्यवहार कुठे अडकला यात आहे. आपल्या बँकेने पैसे कापले आणि तिचं उत्तर एनपीसीआयपर्यंत वेळेत गेलं नाही, तर पैसे पुढे गेलेलेच नसतात. लगेच उलट संदेश येतो आणि रक्कम परत पडते. पण पैसे पुढच्या बँकेकडे जाऊन तिथून उत्तर आलं नाही, तर जमा झाले की नाही हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसतं. मग घेणाऱ्या बँकेला आपली खाती जुळवून सांगावं लागतं: एक तर 'जमा केले', नाही तर 'परत पाठवतो'. हा दुसरा प्रकार म्हणजे दिवसांचं काम. आणि धोकाही इथेच. तुम्ही रोख दिल्यानंतर रात्री ते पैसे दुकानदाराकडे जमा होऊ शकतात. तसं झालं तर बँक काही परत देणार नाही, कारण तिच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण झाला. तेव्हा मागायचे ते दुकानदाराकडे, आणि शिक्क्याचं बिल तिथे कामी येतं.

दुकानदाराला 'बँकेत बघा' असं सांगून भागत नाही, हेही लक्षात ठेवावं. क्यूआर एखाद्या कंपनीचा असेल तर दिवसभराचे पैसे त्याच्या खात्यात एकत्र मोठ्या रकमेत जमा होतात. बँक स्टेटमेंटमध्ये तुमचा नंबर दिसतच नाही. त्याच्या व्यापारी ॲपच्या व्यवहार यादीत 12 आकडी नंबर टाकून शोधायला लावावं. सोमवारी तसं शोधलं, तिथे काही नव्हतं. म्हणजे पैसे परतीच्या वाटेवर असायला हवे होते.

तक्रार ॲपमधूनच सुरू करावी: व्यवहारांच्या यादीत तोच व्यवहार उघडायचा आणि त्याखालच्या मदतीत 'पैसे कापले, व्यवहार अयशस्वी' हा प्रकार निवडायचा. अशी तक्रार नंबरासकट बँकांपर्यंत जाते, काउंटरवरचा अर्ज तेवढा थेट जात नाही. तक्रार क्रमांक जपून ठेवावा. इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधून सापडलेल्या नंबरावर मात्र फोन करू नये. परत येणाऱ्या पैशासाठी पिन, ओटीपी किंवा क्यूआर स्कॅन कधीच लागत नाही. लागतो म्हणणारा चोर आहे.

23 तारीख गेली तरी नोंद नव्हती. 24 ला बँकेच्या तक्रार विभागाला ई-मेल केला. त्यात खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, तारीख-वेळ, रक्कम, 12 आकडी नंबर, ॲपचा तक्रार क्रमांक आणि स्टेटमेंटचं ते पान. 'पैसे अजून आले नाहीत' एवढंच न लिहिता 'परत करण्याची मुदत 23 जुलैला संपली' असं लिहिलं, कारण पुढचा हिशेब त्यावर ठरतो. 25 ला रक्कम आली.

रक्कम आली की लोक विषय सोडून देतात. पण त्याच परिपत्रकानुसार मुदत उलटल्यावर दर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे आणि ती बँकेने ग्राहकाने न मागता द्यायची आहे. 24 आणि 25 असे दोन दिवस, म्हणजे 200 रुपये. माझ्या खात्यात फक्त मूळ 2,340 आले होते. त्याच ई-मेलच्या धाग्यावर स्टेटमेंटमधल्या दोन ओळी आणि एवढाच हिशेब लिहून 200 रुपये मागितले. नव्याने तक्रार केली असती तर नवा क्रमांक पडला असता आणि जुना 'निकाली' म्हणून बंद झाला असता. भरपाई आली ती वेगळ्या नोंदीने, तिच्या तपशिलात 12 आकडी नंबर नव्हता, म्हणून ती रकमेवरूनच शोधावी लागली.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं, तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत जाऊन अर्ज द्यायची गरज नाही. तक्रार `cms.rbi.org.in` वर भरायची, आणि कागदावरच करायची असेल तर ती चंदीगडच्या केंद्राकडे पोस्टाने जाते. तिथे आधी बँकेकडे तक्रार केल्याची तारीख विचारतात. ती तारीख ॲपच्या तक्रारीची नव्हे, बँकेला पाठवलेल्या लेखी तक्रारीची द्यावी, आणि तो ई-मेल सोबत जोडावा.