47 सेकंदांची जाहिरात 20 मध्ये बसवताना

सांगलीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानासाठी दसऱ्याची रेडिओ जाहिरात लिहायची होती. वेळ 20 सेकंद. मी लिहिली, कॉम्प्युटरने शब्द मोजून सांगितले, आणि मला वाटलं थोडंफार इकडेतिकडे करून बसेल. मनातल्या मनात वाचली तर 31 सेकंद लागले. मग स्टॉपवॉच लावून, मिक्सरच्या आवाजासकट, निवेदक वाचतो तशी मोठ्याने वाचली. 47 सेकंद.

एवढा फरक पडला याचं एक कारण फार साधं होतं. दहा आकडी फोन नंबर कॉम्प्युटरच्या हिशेबात एक शब्द असतो, बोलायला मात्र पाच सेकंद घेतो. ‘700’ कागदावर टिचभर दिसतं. तेव्हापासून मी स्क्रिप्टमध्ये सगळे आकडे अक्षरी लिहिते, म्हणजे डोळा फसत नाही.

मूळ स्क्रिप्ट अशी होती:

(जुन्या मिक्सरचा घरघराट)
सासू: अगं, काय करतेयस? काही ऐकू येत नाही!
सून: आई, चटणी वाटतेय, चटणी!
सासू: वाटतेस? कोणाला वाटतेस?
(मिक्सर बंद)
निवेदक: तुमच्याही घरातला मिक्सर असाच ओरडतो का? मग आता काळजी सोडा! गेली बत्तीस वर्षं सांगलीकरांच्या विश्वासाला पात्र ठरलेले (दुकानाचं नाव) घेऊन आले आहेत दसऱ्यानिमित्त खास मिक्सर एक्स्चेंज ऑफर! आपला जुना मिक्सर आणा, चालू असो वा बंद, कोणत्याही कंपनीचा, आणि नव्या मिक्सरवर मिळवा तब्बल सातशे रुपयांची घसघशीत सूट! तसेच फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, गिझर यांची भव्य श्रेणी उपलब्ध. सुलभ हप्त्यांची सोय. एसटी स्टँडसमोर. संपर्क (दहा आकडे). अटी लागू.

पहिली कात्री सोपी होती. बत्तीस वर्षं, भव्य श्रेणी, सुलभ हप्ते, तब्बल, घसघशीत. हे शब्द सगळ्याच दुकानांच्या जाहिरातीत असतात, त्यामुळे ते गेल्याचं ऐकणाऱ्याला कळतही नाही. तरी 33 सेकंद उरले.

मग फोन नंबर. दुकानाचे शेठ त्यावर अडून बसले. “अहो मॅडम, नंबर नाही तर लोक येणार कसे?” मी म्हटलं, गाडी चालवताना कोण लिहून घेणार? ते काही त्यांना पटेना. शेवटी पैशांचा हिशेब मांडला. रेडिओवर दर दहा सेकंदांवर असतो. त्यांच्या बजेटमध्ये 20 सेकंदांची जाहिरात रोज सहा वेळा, पंधरा दिवस, म्हणजे 90 वेळा लागत होती. नंबरसाठी 30 सेकंद घेतले तर तेवढ्याच पैशांत ती 60 वेळाच लागणार. शेठ दोन मिनिटं कॅल्क्युलेटरकडे बघत बसले आणि म्हणाले, “स्टँडसमोर म्हटलं की कळतंय तसं.” नंबर गेला. 28 सेकंद.

खरी पंचाईत इथून पुढे होती. शेठ म्हणाले, तो सासू-सुनेचा विनोद काढा, ऑफर महत्त्वाची. हिशेबाने त्यांचं बरोबर होतं, सुरुवातीलाच आठ सेकंद जात होते. पण रेडिओ कोणी कान देऊन ऐकत नाही. पोळ्या लाटताना मागे चालू असतो. घरघराट आणि त्यावरून मारलेली हाक ऐकून कान तिकडे वळला नाही, तर पुढचे सातशे रुपये कोणाच्याही कानावर पडणार नाहीत. म्हणून विनोद ठेवून त्याच्या आजूबाजूचं काढायचं ठरवलं. गंमत सगळी ‘वाटणे’ या एका शब्दात आहे. सासूचं “ऐकू येत नाही” कशाला हवं? मिक्सर ओरडतोच आहे. सूनच आधी बोलली तर दोन वाक्यांत काम होतं. निवेदकाचा प्रश्नही तसाच. मिक्सर ओरडतो हे नुकतंच ऐकवलं, तेच परत विचारण्यात तीन सेकंद वाया.

मग ऑफर आवळायला घेतली आणि तिथे मी चुकले. लिहिलं: “जुना मिक्सर द्या, सातशे रुपये घ्या.” सहा शब्द, तालात, शेठही खूश. संध्याकाळी शेजारच्या काकूंना एकदाच वाचून दाखवलं आणि विचारलं, काय कळलं? काकू म्हणाल्या, “माळ्यावर दोन पडलेत जळलेले. चौदाशे मिळतील का गं?”

ऐकून पोटात गोळाच आला. जाहिरात लागली असती तर दुकानासमोर भंगार मिक्सरची रांग लागली असती, आणि सूट फक्त नव्या खरेदीवर आहे हे सांगता सांगता काउंटरवर भांडणं झाली असती. ‘नव्या मिक्सरवर’ आणि ‘सूट’ हे शब्द गाळले की ऑफर छोटी होत नाही, ती दुसरीच ऑफर होते. आता कापलेली स्क्रिप्ट मी मूळ मजकूर न ऐकलेल्या माणसाला एकदाच ऐकवते आणि त्याच्याकडून ऑफर उलट वदवून घेते. मूळ माहीत असलेला माणूस गाळलेले शब्द मनातच भरून घेतो. मीही तेच करत होते.

त्याच गडबडीत शेठना विचारलं, ‘अटी लागू’ म्हणजे कोणत्या अटी? “काही नाही हो, तीन हजारांच्या पुढचा मिक्सर पाहिजे, एवढंच.” मग ते सरळ सांगूया ना! दोन शब्द वाढले, शेवटचे दोन गेले, आणि दुकानात आल्यावर कळणारी गोष्ट घरीच कळली.

शेवटची स्क्रिप्ट:

(जुन्या मिक्सरचा घरघराट)
सून (ओरडून): आई, चटणी वाटतेय!
सासू (ओरडून): कोणाला वाटतेस?
(मिक्सर खटकन बंद. क्षणभर शांतता)
निवेदक: हा मिक्सर आम्हाला द्या. चालू, बंद, कसाही. तीन हजारांपुढच्या नव्या मिक्सरवर सातशे रुपये सूट. दसऱ्यापर्यंत. (दुकानाचं नाव), एसटी स्टँडसमोर. जुना द्या, नव्यावर सातशे सूट.

शेवटचं वाक्य पुनरुक्तीचं आहे, ते मुद्दाम. कापून झाल्यावर अडीच सेकंद शिल्लक राहिले तेव्हा शेठना हप्ते परत आठवले, पण मी ते सेकंद आकड्यालाच दिले. ज्याचा कान उशिरा वळला त्यालाही ऑफर मिळाली पाहिजे.

रेकॉर्डिंगला पहिला टेक 21 सेकंदांचा झाला. तेव्हा ‘चालू असो, बंद असो’ असं होतं आणि निवेदक प्रत्येक ‘असो’वर रेंगाळत होते. रेकॉर्डिस्ट म्हणाला, “राहू द्या, मी स्पीड वाढवतो.” वाढवून ऐकवलं तर घाईत बोलल्यासारखं वाटायला लागलं आणि मिक्सर बंद झाल्यानंतरची शांतताही आक्रसली. ती शांतता जेमतेम अर्ध्या सेकंदाची असते, पण सासूच्या वाक्यावर हसू तिथेच येतं. स्पीड पूर्ववत केला आणि दोन्ही ‘असो’ काढून ‘चालू, बंद, कसाही’ केलं. तिसरा टेक 19.6.

शेठनी फाइल दोनदा ऐकली. मग म्हणाले, “छान झालंय. पण आमची बत्तीस वर्षं कुठं गेली?”

ती दुकानाबाहेरच्या फलकावर गेली. तिथे जागा भरपूर होती.