डिग्री लागली म्हणजे नेमकं काय कळलं?

"एकाच गाईचं दूध सकाळी २९ डिग्री लागतं आणि संध्याकाळी साडेसत्तावीस. मग काटा खरा की दूध खरं? आणि डिग्री बरोबर लागली तर भेसळ नाही असं समजायचं का?"

बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. चुकतं ते तापमान. लॅक्टोमीटर दुधाची घनता मोजतो. २९ डिग्री म्हणजे १.०२९. दूध गरम झालं की फुगतं, पातळ होतं आणि लॅक्टोमीटर जास्त खाली बुडतो. म्हणून दुधात थर्मामीटर घातल्याशिवाय डिग्री लिहूच नये.

आधी लॅक्टोमीटरच्या आतल्या कागदी पट्टीवर छापलेलं तापमान वाचा. काहींवर २७ अंश सेल्सिअस असतं, काहींवर ६० फॅरनहाइट, म्हणजे साडेपंधरा सेल्सिअस. दूध त्याहून जितके अंश गरम, तितक्या दर अंशाला ०.२ मिळवायचे, थंड असेल तर वजा करायचे. २७ अंशाच्या लॅक्टोमीटरवर संध्याकाळचं दूध ३४ अंशाला २७.६ दाखवत असेल, तर सात अंशांचे १.४ मिळवून २९ होतात. सकाळी दूध २७ अंशाला होतं, म्हणून तेव्हा थेट २९ दिसले. दूध तेच आहे.

पट्टी न वाचता दुसऱ्याच तापमानाचं कोष्टक लावलं तर मोठा घोळ होतो. २७ अंशाच्या लॅक्टोमीटरला साडेपंधरा अंशाची दुरुस्ती लावली, तर दोनपेक्षा जास्त डिग्री फुकट वाढतात. एवढ्यात लिटरमागे ७०–८० मिली पाणी सहज लपतं. एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, काढायच्या सूत्रातले आकडेही लॅक्टोमीटरच्या तापमानाप्रमाणे बदलतात, म्हणून सूत्र आणि लॅक्टोमीटर एकाच जोडीतले हवेत.

वाचताना घाई नको. नुकत्याच काढलेल्या धारोष्ण दुधात हवा असते आणि डिग्री कमी दिसते. अर्धा तास थांबा. दूध हलक्या हाताने वरखाली करून मिसळा, फेस येऊ देऊ नका. जार सपाट जागी ठेवून काठोकाठ भरा. लॅक्टोमीटर दांडीला धरून सोडा, तो बाजूला टेकू नये. स्थिर झाला की डोळा दुधाच्या पातळीला आणून वाचा. दूध अपारदर्शक असल्यामुळे दांडीला चढलेली वरची कड दिसते. तीच वाचा, आणि रोज तीच. दांडीला तूपकट थर असेल किंवा आतली पट्टी सरकली असेल, तर बाकी सगळं नीट करूनही आकडा चुकतो. शंका आली की त्याच दुधात दुसरा लॅक्टोमीटर सोडून पाहा.

आता दुसरा प्रश्न. पाण्याने डिग्री उतरते, पण फॅट काढल्याने ती चढते, कारण फॅट पाण्याहूनही हलकं आहे. ४ फॅटचं, २९ डिग्रीचं पाच लिटर दूध घ्या. त्यात ३५ डिग्रीचं पाच लिटर स्किम दूध मिसळलं की ३२ डिग्री होतात. वर एक लिटर पाणी ओता: ३२ला दहाने गुणून अकराने भागलं की २९ येतात. लॅक्टोमीटर समाधानी, आणि फॅट मात्र दोनच्या खाली. म्हणून फॅट घेतल्याशिवाय नुसत्या डिग्रीवर दूध पास करू नये.

फॅट घेऊनही एक वाट उरते. ७ फॅटच्या, ३१ डिग्रीच्या दहा लिटर म्हशीच्या दुधात सव्वा लिटर पाणी घातलं तर डिग्री साडेसत्तावीसवर येते. लिटरला दहा ग्रॅम साखर साधारण साडेतीन डिग्री चढवते, म्हणजे पुन्हा ३१ आणि फॅट सहाच्या वर. दोन्ही आकडे निर्दोष. साखर, मीठ, युरिया, माल्टोडेक्स्ट्रिन यांतलं काय विरघळलंय हे घनता सांगू शकत नाही. त्यासाठी प्रत्येकाची वेगळी चाचणी लागते. साखरेसाठी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि रिसॉर्सिनॉल घालून उकळत्या पाण्यात धरलं की लाल रंग येतो. स्तनदाह, अँटिबायोटिकचे अंश, जंतूंचं प्रमाण, फाटायला आलेलं दूध, यांबद्दलही लॅक्टोमीटर गप्प असतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची वाटते. डिग्री कमी लागली म्हणून रांगेत सगळ्यांसमोर "पाणी घातलंस" म्हणू नका. चारा निकस असेल, तर निखळ दुधाचीही डिग्री उतरते. दुसऱ्या दिवशी गोठ्यावर जाऊन पूर्ण धार समोर काढून घ्या आणि त्या दुधाची दुरुस्त डिग्री पाहा. तिथे २९ लागली आणि केंद्रावर २६ येत असेल, तर फरक ३. म्हणजे दर दहा लिटरला सुमारे एक लिटर पाणी. गोठ्यावरही २६च लागली तर बोलणं चाऱ्याबद्दल करायचं.